दिरहमचा रेट आणि रात्रीचा एक निरोप

शारजातल्या एखाद्या कामगार वसाहतीत महिनाअखेरीला गेलं, तर जेवणाच्या वेळी एक प्रश्न हमखास कानावर पडतो: ‘आज रेट काय आहे?’ रेट म्हणजे एका दिरहमला किती रुपये. कुणी सांगतो, सकाळी अमुक होता, आता पाच पैशांनी वर गेलाय. दुसरा म्हणतो, थांब, अजून चढेल. तिसऱ्याने कालच पाठवून टाकलेले असतात, आणि आजचा आकडा ऐकून तो उगाच हळहळतो.

या प्रश्नामागची रक्कम लहान नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात सुमारे ११८.७ अब्ज डॉलर आले. त्यातला जवळपास पाचवा हिस्सा संयुक्त अरब अमिरातीतून आला. आणि हा पैसा घेणाऱ्या राज्यांत पहिला क्रमांक केरळचा नव्हता, महाराष्ट्राचा होता: २०.५ टक्के.

पण एकेका माणसापुरतं पाहिलं तर हिशेब शे-दोनशे रुपयांचा असतो. त्या शे-दोनशेसाठी दिवसातून दहा वेळा मोबाइल उघडून आकडा पाहायचा, हे काही खरं नाही. म्हणून अलीकडे काही जण हे काम यंत्रावर सोपवतात. एक छोटा प्रोग्राम रोज ठरलेल्या वेळी दर तपासतो. दर आपण आखलेल्या उंबरठ्याच्या वर गेला तरच निरोप येतो, एरवी सगळं शांत. कल्पना सोपी आहे. मात्र उंबरठा कुठे आखायचा आणि निरोप आल्यावर नेमकं काय करायचं, तिथे माणसं चुकतात.

एक उदाहरण धरून चालू. समजा, खेड तालुक्यातला एक एसी मेकॅनिक शारजात नोकरीला आहे. पगार २८ तारखेला जमा होतो. तो दरमहा २,००० दिरहम घरी पाठवतो. गावी घराच्या कर्जाचा हप्ता १० तारखेला कापला जातो, शिवाय भिशी, किराणा आणि धाकट्या भावाची फी. या सगळ्याला मिळून घरी ४७,००० रुपये लागतात. म्हणजे त्याच्या हातात पगारापासून हप्त्यापर्यंत बारा दिवस आहेत, आणि या बारा दिवसांत कधी पाठवायचं एवढंच त्याला ठरवायचं आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दिरहमचा रेट दुबईत ठरत नाही. १९९७ पासून दिरहम अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिरहम, आणि ही गाठ आजवर सुटलेली नाही. त्यामुळे दिरहम-रुपया म्हणजे खरं तर डॉलर-रुपयाच, फक्त ३.६७२५ ने भागलेला. डॉलर ८८ रुपयांना असेल तर दिरहम २३.९६ होतो. दुबईतल्या तेलाच्या, जमिनीच्या किंवा सोन्याच्या बातम्यांवरून दिरहम चढेल की उतरेल याचे अंदाज बांधणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. हलतो तो डॉलर आणि रुपया. त्यातला रुपया फार उसळू लागला तर रिझर्व्ह बँक बाजारात उतरून त्याला आवरते. म्हणून महिनोन् महिने दर एका जागी खुंटलेला दिसतो आणि मग काही आठवड्यांत भराभर सरकतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. इंटरनेटवर शोधलं की जो दर दिसतो, तो बँका आपापसांत ज्या दराने व्यवहार करतात त्याच्या मधला आकडा असतो. त्या दराने मेकॅनिकला कुणीही रुपये देत नाही. एक्स्चेंजवाला त्यातून आपले काही पैसे कापून घेतो, वर कधी फीही लावतो.

समजा, २८ तारखेला तो मधला दर २३.५८ आहे. पहिलं एक्स्चेंज २३.४५ देतं, पण करासह २० दिरहम फी घेतं. दुसरं २३.३८ देतं आणि फी घेत नाही. वसाहतीतला कुणीही पहिल्याकडेच जाईल, कारण बाहेरच्या फलकावर त्याचा आकडा मोठा दिसतो. आता हिशेब मांडू. पहिल्याकडे फी वजा जाता १,९८० दिरहमच रुपयांत बदलतात. त्यांचे ४६,४३१ रुपये होतात. दुसऱ्याकडे पूर्ण २,००० दिरहमचे ४६,७६० होतात. कमी रेट देणाऱ्याकडून ३२९ रुपये जास्त मिळाले. हेच एखाद्या इंजिनिअरने दहा हजार दिरहम पाठवले असते तर चित्र उलटलं असतं. या दोन दरांत सुमारे ६,७०० दिरहमच्या वर गेलं की फी घेणाराच स्वस्त पडतो. थोडक्यात, रेट रकमेशिवाय वाचता येत नाही.

आता उंबरठा. बहुतेक जण तो गोल आकड्यावर आखतात. ‘चोवीस झाला की पाठवीन,’ असं म्हणतात. चोवीसच का, याला उत्तर नसतं. मेकॅनिकने मात्र घरच्या गरजेतून मागे मोजत यावं. घरी ४७,००० हवेत आणि हातात २,००० दिरहम आहेत, म्हणजे प्रत्यक्ष हातात पडणारा दर २३.५० हवा. त्याचं एक्स्चेंज मधल्या दरापेक्षा २० पैसे कमी देतं. ते मिळवले की उंबरठा येतो २३.७०. प्रोग्रामला सांगायचा आकडा हाच. २३.५० सांगितला, तर निरोप फार लवकर येईल, आणि मोठ्या आशेने अ‍ॅप उघडल्यावर तिथे २३.३० पाहून माणूस चिडेल. ही २० पैशांची फट कायम तेवढीच राहत नाही. महिन्यातून एकदा मधला दर आणि अ‍ॅपमधला दर एकाच वेळी पाहून ती पुन्हा मोजावी.

रोजच्या तपासणीसाठी संगणक चोवीस तास चालू ठेवायची गरज नाही. गूगल शीट्सची एक फुकट वही आणि तिच्यामागचं अ‍ॅप्स स्क्रिप्ट एवढ्यावर भागतं. वहीच्या बी रकान्यात पहिल्या घरात उंबरठा लिहायचा, दुसऱ्यात ‘खाली’ हा शब्द आणि तिसऱ्यात आपला ईमेल. मग ‘एक्स्टेन्शन्स’ या यादीतून अ‍ॅप्स स्क्रिप्ट उघडून पुढच्या ओळी चिकटवायच्या.

```
function tapas() {
  var s = SpreadsheetApp.getActive().getSheets()[0];
  var u = "https://api.frankfurter.dev/v1/latest?base=USD&symbols=INR";
  var d = JSON.parse(UrlFetchApp.fetch(u).getContentText());
  var dar = d.rates.INR / 3.6725;
  var umbartha = s.getRange("B1").getValue();
  var kuthe = s.getRange("B2").getValue();
  var mudat = new Date().getDate() == 6;
  if ((dar >= umbartha && kuthe != "वर") || mudat) {
    MailApp.sendEmail(s.getRange("B3").getValue(),
      "दिरहम " + dar.toFixed(2), d.date);
  }
  if (dar >= umbartha) s.getRange("B2").setValue("वर");
  else if (dar < umbartha - 0.1) s.getRange("B2").setValue("खाली");
  s.appendRow([new Date(), d.date, dar]);
}
```

यात दर येतो तो युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोजच्या संदर्भ दरांवरून. ही बँक कामाच्या दिवशी युरोपातल्या दुपारी चारच्या सुमारास बऱ्याच चलनांचे दर जाहीर करते. त्यात डॉलर आणि रुपया आहेत, दिरहम नाही. पण डॉलरची गाठ ठाऊक असल्यामुळे काही अडत नाही, ३.६७२५ ने भागलं की झालं. युरोपातले चार म्हणजे अमिरातीतले उन्हाळ्यात सहा आणि हिवाळ्यात सात. म्हणून तपासणीची वेळ रात्री आठ ते नऊ ठेवावी. अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये डावीकडच्या घड्याळाच्या चिन्हावर जाऊन रोजचा ट्रिगर लावता येतो. तो नेमक्या मिनिटाला चालत नाही, दिलेल्या तासात कधीतरी चालतो. आपल्या कामाला तेवढं पुरेसं आहे. मात्र प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये टाइम झोन दुबईचा आहे ना, ते पाहून घ्यावं. तो दुसऱ्याच देशाचा राहिला, तर निरोप मध्यरात्री किंवा दर जाहीर होण्याच्या आधीच येतो, आणि कारण लवकर सापडत नाही.

या ओळींत ‘वर’ आणि ‘खाली’ या दोन शब्दांना सगळ्यात जास्त महत्त्व आहे. समजा, दर पाच दिवस असा चालला: २३.७१, २३.६९, २३.७०, २३.६८, २३.७२. फक्त ‘२३.७० च्या वर आहे का?’ एवढंच विचारणारा प्रोग्राम यात तीन निरोप पाठवेल. दुसऱ्या महिन्यापर्यंत मेकॅनिक ते न उघडताच पुसायला लागेल. इथला प्रोग्राम मात्र एकदा ‘वर’ अशी नोंद झाल्यावर गप्प बसतो. दर २३.६० च्याही खाली उतरला, तरच तो पुन्हा ‘खाली’ लिहितो आणि पुढच्या चढाईसाठी तयार होतो. घरातल्या फ्रिजचं यंत्रही याच रीतीने चालतं: सुरू होण्याचं आणि बंद होण्याचं तापमान वेगळं असतं, नाहीतर ते मिनिटामिनिटाला खटखटत राहिलं असतं. एसी दुरुस्त करणाऱ्याला हे सांगायची गरज पडू नये.

याच सोयीत एक खड्डाही आहे. गेल्या महिन्यात दर उंबरठ्याच्या वर गेला आणि वरच राहिला, तर वहीत ‘वर’ लिहिलेलं असतं. नवा पगार जमा झाला तरी प्रोग्राम बोलणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने नवीन काही घडलेलं नाही. म्हणून पगाराच्या दिवशी त्या घरात हाताने ‘खाली’ लिहावं आणि उंबरठाही त्या महिन्याच्या गरजेप्रमाणे बदलावा. हे एका मिनिटाचं काम आहे, पण विसरलं की अख्खा महिना वाया जातो.

निरोप आला नाही, याचे दोन अर्थ होतात. दर चढला नाही, किंवा तपासणीच बंद पडली. दोन्हींत मोबाइल सारखाच गप्प असतो. शेवटच्या ओळीत रोजचा दर वहीत लिहिला जातो तो यासाठीच. आठवड्यातून एकदा वही उघडून शेवटची नोंद कालची आहे का, ते पाहावं. एका ओळीत दोन तारखा असतात, एक तपासणीची आणि एक दराची. शनिवार-रविवारी तपासणीची तारीख पुढे सरकते, दराची तारीख शुक्रवारवरच राहते. तो बिघाड नव्हे, बाजारच बंद असतो. पण बुधवारीही दराची तारीख शुक्रवारचीच दिसली, तर कुठेतरी अडकलंय असं समजावं. दर देणारा पत्ता बंद झाला किंवा बदलला, तर प्रोग्राम मध्येच थांबतो आणि गूगल अपयशाचं पत्र पाठवतं. ते पत्र इंग्रजीत असल्यामुळे जाहिरात समजून पुसलं जाण्याची भीती असते.

आता मुदतीची ओळ. ६ तारखेला दर कितीही असो, निरोप येतोच. हप्ता १० ला कापला जातो. मध्ये रविवार, एखादी सुट्टी किंवा बँकेने मागितलेला एखादा कागद आडवा आला, तरी चार दिवस हाताशी असावेत. उंबरठा ओलांडला की पाठवायचं, आणि ओलांडला नाही तरी ६ तारखेला पाठवायचंच. मुदत नसेल तर उंबरठ्याचा उपयोग होत नाही, उलट तोटाच होतो. गेल्या काही वर्षांतल्या दरांत हे अगदी स्पष्ट दिसतं.

२०२४ च्या सुरुवातीला डॉलर ८३ च्या आसपास होता, म्हणजे दिरहम २२.६० ते २२.७०. कुणी त्या वेळी ‘तेवीस’ असा उंबरठा आखला असता तर काय झालं असतं? दर दिवसेंदिवस जेमतेम काही पैसे हलत होता. डॉलर ८४.५० च्या जवळ पोचायला आणि दिरहम तेवीसला टेकायला नोव्हेंबर उजाडला. दहा महिने.

त्याहून बोलका दाखला पुढच्या वर्षीचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रुपया घसरत डॉलरमागे ८७.९५ पर्यंत गेला. दिरहम २३.८० च्या पुढे होता आणि ‘आता चोवीस होणारच’ असं प्रत्येकाला वाटत होतं. पण रुपया सावरला आणि मेच्या सुरुवातीला डॉलर ८४ च्या आसपास आला, दिरहम तेवीसच्याही खाली. चोवीस उजाडला तो ऑगस्टच्या अखेरीस. २३.८० ला २,००० दिरहम पाठवणाऱ्याला ४७,६०० रुपये मिळाले असते. चोवीसला मिळाले असते ४८,०००. म्हणजे साडेसहा-सात महिने थांबून ४०० रुपयांचा फायदा. तेच ४७,६०० रुपये साडेसहा टक्के व्याजाने ठेवले असते, तर सात महिन्यांत जवळपास १,८०० रुपये व्याज मिळालं असतं. आणि गावी दरम्यान सोनं गहाण टाकून वेळ मारून नेली असेल, तर उलट तेवढंच किंवा त्याहून जास्त व्याज भरावं लागलं असतं.

तेव्हा ही तपासणी भविष्य सांगत नाही. दर पुढे कुठे जाईल हे तिला माहीत नसतं, आणि वसाहतीतल्या त्या ‘थांब, अजून चढेल’ म्हणणाऱ्यालाही नसतं. पगार ते मुदत एवढ्या आठ-नऊ दिवसांत जी थोडीफार वर-खाली होते, तिच्यातला बरा दिवस हातचा जाऊ नये, एवढंच तिचं काम.

मेकॅनिकचा महिना कसा जातो ते पाहू. २८ ला मधला दर २३.५८. पुढचे दोन दिवस २३.६१ आणि २३.५६. मग शनिवार-रविवार, वहीत शुक्रवारचीच तारीख. सोमवारी २३.६४. मंगळवारी रात्री साडेआठला ईमेल येतो: दिरहम २३.७१. इथे घाई करू नये. हा दर दुपारचा आहे, आणि भारतातला बाजार तर अमिरातीतल्या दुपारी दोनलाच बंद झालेला असतो. निरोपाचा अर्थ ‘जा, अ‍ॅप उघडून बघ’ एवढाच. तो बघतो, तिथे २३.५१ दिसतो. म्हणजे फट अजून वीस पैशांचीच आहे. तो पाठवतो, घरी ४७,०२० रुपये पोचतात. पहिल्याच दिवशी याच एक्स्चेंजमधून पाठवले असते तर ४६,७६० मिळाले असते. थांबल्याने २६० रुपयांचा फायदा झाला.

आणि पहिल्या दिवशी नुसतं एक्स्चेंज बदलण्याने ३२९ रुपयांचा फरक पडत होता, तोही एक दिवस न थांबता. या आकड्यांवरून एक क्रम उघड दिसतो. आधी दोन-तीन ठिकाणचा हातात पडणारा दर आपल्या रकमेवर मोजावा. मग मुदत ठरवावी. उंबरठा आणि प्रोग्राम त्यानंतर. पुष्कळ जण नेमकं उलट करतात, कारण प्रोग्राम लिहिण्यात मजा आहे आणि एक्स्चेंजवाल्यांची तुलना करण्यात कंटाळा. फायदा वाढवायला काही जण रक्कम दोन भागांत पाठवतात, अर्धी आत्ता आणि अर्धी दर चढल्यावर. फी नसेल तर ठीक आहे. २० दिरहम फी असेल तर दुसऱ्या खेपेची फी म्हणजे जवळपास पावणेपाचशे रुपये. एक हजार दिरहमवर तेवढे भरून निघायला दर ४७ पैशांनी चढायला हवा, आणि आठ-नऊ दिवसांत तसं क्वचित घडतं.

दिरहम चढला म्हणजे रुपया पडला, हेही वसाहतीतल्या आनंदात विसरलं जातं. घरी जास्त रुपये पोचतात, पण डॉलरमध्ये घेतलेलं तेल आणि सोनं त्याच रुपयांत महाग होतं. लग्नासाठी दागिने करायचे असतील तर चढलेल्या दराचा निम्मा फायदा सराफाच्या दुकानातच जिरतो.

इतर आखाती देशांतल्या मराठी मंडळींना हाच प्रोग्राम एक आकडा बदलून वापरता येईल. सौदी रियालसाठी ३.७५ ने भागावं, कतारच्या रियालसाठी ३.६४ ने. ओमानचा रियाल डॉलरपेक्षा मोठा आहे, तिथे भागायच्या ऐवजी २.६००८ ने गुणावं लागतं. कुवेतमध्ये ही युक्ती चालत नाही. तिथला दिनार २००७ पासून एकट्या डॉलरला बांधलेला नाही, तो अनेक चलनांच्या टोपलीशी जोडलेला आहे, आणि त्यासाठी दिनारचाच दर देणारं दुसरं ठिकाण शोधावं लागेल.